वाळवणाचा सीझन, बंद पडलेला नंबर आणि दोन अर्ज: नाशिकचं एक प्रकरण

पंचवटी कारंजापाशी माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी रिटर्न, उद्यम नोंदणी, फूड लायसन्सचे फॉर्म, अर्ज-बिर्ज अशी कामं करतो. २०२४ च्या उन्हाळ्यात एका ताईंचं मेसेजिंग अ‍ॅपवरचं बिझनेस अकाउंट बंद झालं, कारण दिलं होतं ऑटोमेटेड अ‍ॅक्टिव्हिटीचा संशय. ते परत मिळवण्यासाठी दोन अर्ज गेले, एक त्यांनी स्वतः लिहिलेला आणि एक आम्ही मिळून लिहिलेला. ताईंना विचारून हे सगळं लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

ताई मखमलाबाद रोडच्या बाजूला राहतात, वाळवणाचा धंदा. कुरडई, नागलीचे पापड, उडदाचे पापड, बटाट्याचा किस, शेवया, सांडगे. हाताखाली सहा बायका, घराची गच्ची आणि शेजारच्यांची गच्ची. फेब्रुवारी ते मे एवढाच खरा सीझन, त्यात जे कमावलं त्यावर वर्ष.

ऑर्डर घेण्याची वेळ इथे का महत्त्वाची ते आधी सांगतो, म्हणजे पुढची घाई कळेल. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं आणि सकाळी शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्याने गच्चीवर घालायचा. म्हणजे आज कुरडई घालायची तर किती किलो ते चार दिवस आधी माहीत पाहिजे. कमी भिजवलं तर ऑर्डर जाते, जास्त भिजवलं तर चीक आंबतो. सगळा हिशोब त्या मेसेजवर येणाऱ्या "ताई, दोन किलो कुरडई, एक किलो नागली" वर चालतो.

नंबर सात वर्षं जुना. पाकिटावरच्या लेबलवर तोच छापलेला, तीन हजार लेबलं घरात पडून. अ‍ॅपमध्ये कॅटलॉग होता, लेबलं लावलेली होती, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पाठवलं अशी. दुकान नाही, बोर्ड नाही. तो नंबर म्हणजेच दुकान.

काय झालं

सोमवार, २२ एप्रिल २०२४. अक्षय तृतीया १० मेला होती, त्याच्या आधी लग्नाघरच्या आणि सणाच्या ऑर्डरी येतात. ताईंनी भाच्याला सांगितलं, "सगळ्यांना कळव रे, अक्षय तृतीयेच्या ऑर्डरी घेतोय म्हणून." भाचा डिप्लोमाला आहे, सुट्टीत मदतीला येतो, लॅपटॉपवर अकाउंट तोच उघडून बसतो.

साडेदहाच्या सुमारास मेसेज जायचे थांबले. फोन उघडला तर स्क्रीनवर आलं की तुमचं अकाउंट ही मेसेजिंग सेवा वापरू शकत नाही, आपोआप किंवा मोठ्या संख्येने मेसेज पाठवल्याचा संशय आहे, आणि खाली पुनर्विचाराची विनंती करायचं बटण. जुने चॅट उघडेनात, कॅटलॉग दिसेना, अर्धवट ऑर्डरी आतच अडकल्या. त्या दिवशी गच्चीवर आठ किलोची कुरडई वाळत होती आणि कुणाची किती ते फक्त चॅटमध्ये होतं.

पहिला अर्ज

ताईंनी त्याच दुपारी, तासाभरात, बटण दाबून अर्ज पाठवला. मला दोन दिवसांनी दाखवला. मराठीत जसा होता तसा देतो:

"नमस्कार, मी एक सामान्य गृहिणी आहे. सात वर्षांपासून कष्टाने व्यवसाय करते, सहा महिलांचं घर माझ्यावर चालतं. मी कोणताही रोबोट किंवा सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, मला ते येत पण नाही. कुणीतरी जळून खोटी तक्रार केली आहे. माझं अकाउंट आजच्या आज चालू करा नाहीतर माझं खूप नुकसान होईल. कृपा करा."

दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, उत्तर आलं, तीन ओळींचं. आम्ही तपासलं, आमच्या अटींचा भंग झालेला दिसतो, निर्णय कायम.

या अर्जातलं एकही वाक्य ताईंच्या बाजूने खोटं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पण तपासणाऱ्याच्या जागी बसून वाचलं तर काय दिसतं? त्याच्यासमोर त्या नंबरचा वेग आहे, किती मिनिटांत किती मेसेज गेले, किती अनोळखी लोकांना गेले, किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं. आणि अर्ज म्हणतो की असं काही झालंच नाही. कष्ट, घर, नुकसान हे सगळं खरं असलं तरी त्याचा त्या आकड्यांशी संबंध नाही, चांगली बाई असणं आणि मशीनने मेसेज जाणं या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि इथे तशाच होत्या. "जळून तक्रार केली" या वाक्याने तर अर्ज आणखी कमजोर झाला, कारण एका तक्रारीने असं होत नाही हे तपासणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

मग खरं काय झालं होतं

२४ तारखेला ताई ऑफिसात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चांगल्या इंग्लिशमध्ये लिहून द्या, माझ्या भाषेमुळे झालं नसेल." मी म्हणालो, "ताई, लिहू, पण आधी मला घरी येऊन तो लॅपटॉप बघू द्या."

आधी नेहमीचं विचारून घेतलं. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं का, का कुणी दिलेली एपीके फाइल आहे? कारण जादा सोयीवाली बदललेली व्हर्जनं लोक टाकतात आणि नुसत्या त्यामुळेही अकाउंट जातं. नाही, ओरिजिनल होतं. नंबर आणखी कुणाकडे? नाही. कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ही यादी फोनमध्ये बघायची असते, पण अकाउंटच बंद म्हणून ती उघडत नव्हती. म्हणून लॅपटॉपवर ब्राउझर उघडला आणि अ‍ॅड्रेस बारमध्ये `chrome://extensions` टाकलं. तिथे तीन एक्स्टेन्शन होती, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम. एक जाहिराती अडवणारं, एक स्क्रीनशॉटचं, आणि तिसरं मेसेज पाठवणारं, सात दिवस फ्री ट्रायलवालं.

भाचा दारात उभा होता. चेहरा उतरलेला. मी त्याला रागावलो नाही, ताईंनाही आधीच सांगून ठेवलं होतं की ओरडायचं नाही, ओरडलो तर पोरगं अर्धंच सांगेल. चहा आला, तो बसला आणि हळूहळू बोलला. "काका, मागच्या वर्षी मी एकेकाला कॉपी-पेस्ट केलं, दोन दिवस लागले. मित्राने हे सांगितलं. एक्सेलमध्ये नंबर टाकायचे, मेसेजमध्ये नाव आपोआप येतं. मला वाटलं आपलंच अकाउंट, आपलेच कस्टमर, यात काय चुकीचं?" दोन दिवस तो गप्प का होता तर मावशीने अर्जात काही वापरलं नाही असं लिहून टाकलं होतं, आता आपण बोललो तर मावशी खोटी पडेल असं त्याला वाटत होतं.

डाउनलोड फोल्डरमध्ये त्या एक्स्टेन्शनने बनवलेली `report.csv` होती. सुरुवात अशी, नंबर झाकलेत:

```
no,number,status,time
1,91XXXXXX4417,sent,10:05:02
2,91XXXXXX0932,sent,10:05:06
3,91XXXXXX7120,sent,10:05:10
```

दर चार सेकंदाला एक. न चुकता चार. माणूस नाव वाचतो, पेस्ट करतो, मध्ये पाणी पितो, कुणाचा रिप्लाय आला तर तिकडे वळतो, त्याचं अंतर कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटं असं वाकडंतिकडं असतं. इथे ४१७ वा मेसेज १०:३२:४६ ला गेलेला, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं एकसारखा ठोका. त्याच्यापुढे यादीतल्या ६४० पर्यंत सगळे `failed`.

दुसरी गोष्ट मला वेगापेक्षाही गंभीर वाटली. ६४० नंबर आले कुठून? २९० ताईंच्या वहीतले जुने गिऱ्हाईक. बाकी ३५० एका प्रदर्शनातल्या रजिस्टरमधले. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर स्टॉल लावला होता, तिथे लोकांनी नाव आणि नंबर लिहिले होते ते लकी ड्रॉसाठी. त्या लोकांच्या फोनमध्ये ताईंचा नंबर सेव्ह नाही, स्टॉल आठवत नाही, आणि अचानक "नमस्कार अमुक ताई" असा नावानिशी मेसेज. त्यात तेव्हा लोकसभेचा प्रचार चालू होता, नाशिकला २० मेला मतदान, रोज कुठून कुठून मेसेज यायचे, लोक वैतागलेलेच. अनोळखी नंबरवरून मेसेज आला की खालीच ब्लॉक आणि रिपोर्टचं बटण असतं. किती जणांनी दाबलं ते आम्हाला कळायचा मार्ग नाही, पण वेग आणि अनोळखी लोक या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी एकत्र आल्या.

ताईंना एक शंका होती की अ‍ॅपमधलं "धन्यवाद, लवकरच उत्तर देऊ" हे आपोआप जाणारं उत्तर पण ऑटोमेशनच ना, त्यामुळे झालं असेल का? नाही. ते बिझनेस अ‍ॅपच्या आतलंच फीचर आहे आणि समोरच्याने आधी मेसेज केल्यावर जातं. आक्षेप असतो तो बाहेरच्या, परवानगी नसलेल्या सॉफ्टवेअरने अ‍ॅप चालवण्याला. हा फरक अर्जात पण लिहिला, कारण तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे की चूक नेमकी कुठली हे अर्जदाराला कळलंय.

समोर काय काय पर्याय होते

पहिला, नवीन सिम. ताईंच्या दिरांचं हेच म्हणणं, दोनशे रुपयांत काम, एवढं कशाला. पण लेबलांवर जुना नंबर, गिऱ्हाईक जुन्याच नंबरवर मेसेज करणार, आणि नव्या नंबरवरून परत त्याच लोकांना "हा आमचा नवीन नंबर" असं एकदम पाठवलं तर नवा नंबर जुन्यापेक्षा लवकर बंद पडतो, कारण त्याला कसलाच इतिहास नाही. शिवाय त्याच फोनवर लगेच दुसरं अकाउंट उघडणं म्हणजे बंदी चुकवणं असंही दिसू शकतं, आणि अपील चालू असताना ते नको होतं.

दुसरा, एजंट. भाच्याच्या मित्राने आणलेला, साडेतीन हजार रुपयांत चोवीस तासांत चालू करून देतो म्हणाला. कसं, विचारलं तर सांगेना, फक्त म्हणाला की नंबरवर सहा आकडी कोड येईल तो मला द्या. इथे मी ताईंना स्पष्ट नाही सांगितलं. तो कोड म्हणजे अकाउंटची किल्ली, दिला तर अकाउंट चालू झाल्यावरही ते आपलं राहील याची खात्री नाही. आणि बाहेरच्या माणसाकडे आत जाऊन बंदी उठवायचं कुठलं बटण नसतं, हे लोक एकच ठरलेला मजकूर वीस वेळा पाठवतात, कधी योगायोगाने काम होतं, नाही झालं तर फोन उचलत नाहीत.

तिसरा, तेच बटण परत परत दाबणं. भाच्याने २३ ला संध्याकाळी दाबून पण बघितलं होतं, तोच उतारा टाकून, उत्तर तेच. नवीन माहिती नसेल तर नव्या उत्तराची अपेक्षा कशी करायची?

चौथा, तक्रार निवारण अधिकारी. भारतात २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना हा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क अ‍ॅप किंवा वेबसाइटवर द्यावा लागतो. त्या वेळच्या नियमात तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत असं होतं. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर अपील करता येतं, फी नाही, वकील लागत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही समिती आली आणि पोर्टल २०२३ मध्ये सुरू झालं. अकाउंट बंद झालेल्या बऱ्याच लोकांना हा रस्ता माहीतच नसतो. पण अधिकाऱ्याला डावलून थेट समितीकडे जायचं नसतं, म्हणून पुढच्या पायरीवर जायची वेळ आली तर काय कागद लागतील हे धरूनच अर्ज लिहायचा ठरवला.

कबूल करायचं की नाही

यावर गुरुवारची संध्याकाळ गेली. दीर म्हणाले, "कबूल केलं तर त्यांच्या हातात पुरावाच दिला, कायमचं बंद करतील." हे चूक होतं असं मी म्हणणार नाही. अटींमध्ये लिहिलेलं असतं की असं सॉफ्टवेअर वापरलं तर अकाउंट बंद करू शकतो, म्हणजे कबुलीनंतर बंदी कायम ठेवायचा त्यांना पूर्ण हक्क. हे मी ताईंना तसंच सांगितलं, काही लपवलं नाही.

पण माझं मत असं होतं की पुरावा त्यांच्याकडे आधीच आहे. चार-चार सेकंदांचा ठोका आम्ही नाही सांगितला तरी त्यांना दिसतोच. त्यांना माहीत नाही ते फक्त एवढं की हे कुणी, का, किती वेळा केलं आणि परत होईल का. तेवढंच आपण देऊ शकतो. आणि पहिल्या अर्जात नकळत चुकीचं गेलं होतं, आता कळल्यावर परत तेच लिहिलं तर ते खोटं ठरतं, पुढे समितीकडे गेलो तर तीच दोन पत्रं समोर येणार.

ताई बराच वेळ गप्प होत्या, पापडाच्या लाट्या करत होत्या. मग म्हणाल्या, "खरं लिहा. पण पोराचं नाव घालू नका. मीच सांगितलं होतं सगळ्यांना कळव म्हणून."

ते मला अर्जाच्या दृष्टीनेही बरोबर वाटलं. "माझ्या माणसाने मला न विचारता केलं" असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं मालकाचं लक्ष नाही, उद्या दुसरा माणूस करेल. अकाउंट ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, हे सरळ घेतलं की पुढची हमी पण त्याच्याच तोंडून येते आणि तिला वजन राहतं.

दुसरा अर्ज

शुक्रवारी, २६ एप्रिलला, अधिकाऱ्याच्या ईमेलवर गेला. इंग्रजीत लिहिला, तपासणारा कुठे बसलाय माहीत नाही म्हणून, पण ताईंना आधी मराठीत वाचून दाखवला. मजकूर असा:

"विषय: व्यवसाय खातं बंद केल्याबद्दल तक्रार, नंबर +९१ (पुढे पूर्ण दहा आकडे), बंद झाल्याची तारीख २२ एप्रिल २०२४.

मी नाशिक येथे घरगुती वाळवणाचे पदार्थ बनवून विकते. उद्यम नोंदणी आणि अन्न नोंदणीची प्रत सोबत आहे. हा नंबर मी सात वर्षं वापरते.

२२ एप्रिलला सकाळी १०:०५ ते १०:३३ या वेळात माझ्या खात्यातून ब्राउझर एक्स्टेन्शन वापरून ४१७ मेसेज गेले, दर चार सेकंदाला एक. मजकूर सणाच्या ऑर्डरींबद्दल होता, तो सोबत जोडला आहे. त्यात कुठलीही लिंक नव्हती. एकूण यादी ६४० नंबरांची होती. त्यातले २९० माझे जुने ग्राहक आहेत. ३५० नंबर एका प्रदर्शनातल्या सोडतीच्या रजिस्टरमधले आहेत आणि त्या लोकांनी मला मेसेज पाठवायची परवानगी दिलेली नव्हती.

२२ एप्रिलच्या अर्जात मी लिहिलं होतं की कोणतंही सॉफ्टवेअर वापरलेलं नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं. ते चुकीचं होतं आणि मी ते मागे घेते. मेसेज माझ्या सांगण्यावरून मला मदत करणाऱ्या व्यक्तीने पाठवले. खातं माझं आहे आणि जबाबदारी माझी आहे. हे एक्स्टेन्शन त्याच दिवशी पहिल्यांदा वापरलं गेलं, आधी कधी वापरलेलं नाही.

२४ एप्रिलला एक्स्टेन्शन काढून टाकलं, आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट सोबत आहे. प्रदर्शनातली यादी लॅपटॉपवरून खोडली. खातं परत मिळालं तर सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करून ते फक्त माझ्या फोनवर वापरेन. सूचना फक्त त्यांनाच जातील ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला आहे आणि मला आधी स्वतः मेसेज केला आहे, आणि त्या अ‍ॅपच्या आतल्या सोयीनेच जातील. आपोआप जाणारं स्वागताचं उत्तर अ‍ॅपमधलंच आहे, ते नियमात बसत नसेल तर तेही बंद करेन.

माझी विनंती आहे की या माहितीच्या आधारे निर्णयाचा पुनर्विचार करावा. निर्णय कायम ठेवायचा असल्यास कारण लेखी कळवावं, म्हणजे मला तक्रार अपील समितीकडे जाता येईल. वाळवणाचा हंगाम मेअखेर संपतो, निर्णय त्याआधी झाला तर उपयोग होईल."

नुकसानीबद्दल एक ओळ मी मुद्दाम काढली. ताईंना ती हवी होती, सहा बायकांचं सांगा म्हणाल्या. शेवटी "वाळवणाचा हंगाम मेअखेर संपतो, निर्णय त्याआधी झाला तर उपयोग होईल" एवढं एकच वाक्य विनंतीखाली ठेवलं, कारण ते तारखेशी जोडलेलं आहे आणि अधिकाऱ्याला त्यावर काही करता येतं.

रिपोर्टची फाइल जोडताना एक चूक होता होता राहिली. भाचा अख्खी फाइल जोडत होता, ६४० लोकांचे पूर्ण नंबर. तेच नंबर परवानगीशिवाय वापरले हे आपण कबूल करतोय आणि तेच परत तिसऱ्याला पाठवायचे हे बरं नाही. मधले सहा आकडे झाकून पहिल्या वीस आणि शेवटच्या वीस ओळी जोडल्या. वेळ दिसली पाहिजे, माणसं नाही.

मधले दिवस

पोच त्याच संध्याकाळी आली, तक्रार क्रमांकासह. पुढे शांतता.

धंदा फोनवर चालवला. वहीतल्या २९० लोकांना दोन बायकांनी वाटून घेऊन साधे कॉल केले, सकाळी अकरा ते एक, कारण त्याआधी गच्चीवरचं काम. बल्क एसएमएसची कल्पना निघाली होती, पण धंद्याचे एसएमएस असे पाठवायचे तर टेलिकॉमच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी, हेडर, टेम्प्लेट मंजुरी लागते, आणि एका चुकीतून उठताना घाईने दुसरी करायची नव्हती. कॉलवर एक वेगळीच गोष्ट कळली. लोकांना ऑर्डर द्यायचीच होती, बरेच जण म्हणाले आम्ही मेसेज केला, तुमचं उत्तर नाही आलं.

निकाल

शनिवारी, ४ मेला, म्हणजे बारा दिवसांनी, ईमेल आला की खातं पुन्हा चालू केलं आहे, अटींचा परत भंग झाला तर पुढची सूचना न देता बंद होऊ शकतं. कारण काही लिहिलं नव्हतं. म्हणून आपल्या अर्जामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दुसऱ्या वेळी माणसाने वाचलं असेल, किंवा रिपोर्टचा जोर ओसरला असेल. एवढं मात्र नक्की की पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात बदलली ती माहिती आणि अर्ज जिथे गेला ती जागा, बाई तीच आणि धंदा तोच.

बॅकअप रोज रात्री दोनला जात होता, त्यामुळे २१ च्या रात्रीपर्यंतचे चॅट, लेबलं परत आली. २२ च्या सकाळचं आणि बंदीच्या बारा दिवसांत लोकांनी पाठवलेलं बरंचसं आलंच नाही. अक्षय तृतीयेला सहा दिवस उरले होते, म्हणजे कुरडईचा एकच घाणा बसत होता. मागच्या वर्षी त्या पंधरवड्यात साठ किलो गेली होती, या वेळी चौतीस.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तासात अर्ज पाठवायला नको होता. अ‍ॅपमधलं बटण समोर दिसतं, हात थरथरत असतो, आणि माणूस मनात येईल ते लिहून मोकळा होतो. त्या अर्जात गेलेला नकार नंतर दुसऱ्या अर्जात मागे घ्यावा लागला. आधी घरात विचारायचं, अकाउंटला कुणाकुणाचा हात लागतो, लॅपटॉपवर काय काय टाकलंय, त्या सकाळी नेमकं काय केलं. ताईंकडे हे अर्ध्या तासाचं काम होतं आणि त्याला दोन दिवस लागले, कारण विचारायच्या आधीच उत्तर लिहून झालं होतं.

दुसरं, मी स्वतः २४ लाच अधिकाऱ्याकडे अर्ज टाकायला हवा होता. कबुलीच्या चर्चेत आणि कागद जमवण्यात मी दोन दिवस घेतले, त्यातला एक दिवस उद्यमची प्रत शोधण्यात गेला. ती नंतर पाठवता आली असती. त्या कागदाने धंदा खरा आहे एवढंच कळतं, मेसेज कसे गेले याचं उत्तर त्यात नाही.

तिसरं, अधिकृत रस्ता. मोठ्या संख्येने मेसेज पाठवायची परवानगी असलेली पैसे भरून घ्यायची सेवा असते, त्यात मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यायचा आणि लोकांची संमती लागते. ताईंच्या तीनशे गिऱ्हाइकांसाठी ते परवडत नाही असं आम्ही तेव्हा ठरवलं. गिऱ्हाईक हजाराच्या वर गेलं तर परत हिशोब मांडावा लागेल.

आणि एक शंका मला अजून आहे. समजा भाच्याने एक्स्टेन्शन वापरलंच नसतं, तीन बायकांनी तीन तास बसून हाताने तोच मजकूर त्या ३५० अनोळखी लोकांना पाठवला असता, तरी रिपोर्ट आलेच असते आणि संशय कदाचित तोच आला असता. तेव्हा अर्ज लिहिणं जास्त अवघड गेलं असतं, कारण दाखवायला `report.csv` नाही, काढून टाकायला एक्स्टेन्शन नाही. तिथे कुणी, कुठल्या वेळात, किती जणांना पाठवलं हे वहीतून जुळवून लिहावं लागलं असतं आणि मूळ चूक यादीची आहे हे मान्य करावं लागलं असतं.

आता कसं चालतं

लॅपटॉपवर अकाउंट नाही. प्रत्येक पाकिटात एक छोटी चिठ्ठी जाते: आमचा नंबर सेव्ह करा आणि "वाळवण" असा मेसेज पाठवा, म्हणजे पुढच्या सीझनची खबर देऊ. जो स्वतः पाठवतो तोच यादीत. भाच्याने एक वही केली आहे, तारीख, नाव आणि "स्वतः मेसेज केला" असा रकाना. रोज रात्री त्या दिवसाच्या ऑर्डरी तो वहीत उतरवतो, चॅटमध्ये असल्या तरी.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ताईंनी बंदीच्या दिवसांत कुणाचा मेसेज हुकला ते एकेक जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारलं. सिन्नरच्या एका बाईंच्या मुलीचं लग्न होतं, रुखवताला अकरा किलोची ऑर्डर त्यांनी २५ एप्रिलला पाठवली होती, तीन दिवस वाट बघून दुसरीकडून घेतलं. ताईंनी त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं, मेसेज कसे गेले ते पण, आणि दोन किलो नागलीचे पापड पाठवून दिले. पैसे घेतले नाहीत.